पांढऱ्या पेशी ३,२००: मॅरो तपासण्याआधी काय बघायचं

पत्र: डॉक्टर, मी ३९ वर्षांची, सांगली जिल्ह्यात शिक्षिका आहे. शाळेत झालेल्या आरोग्य शिबिरात माझ्या पांढऱ्या पेशी ३,२०० आल्या. न्यूट्रोफिल ३६ टक्के, लिम्फोसाइट ५२ टक्के, दोन्हीपुढे लाल खूण. हिमोग्लोबिन १२.४, एमसीव्ही ८८, प्लेटलेट २ लाख १० हजार. मला त्रास काहीच नाही. तीन आठवड्यांपूर्वी चार दिवस ताप आणि अंगदुखी होती, ती आपोआप गेली. थायरॉईडची गोळी चालू आहे, आणि कोरोनापासून झिंकची गोळीही घेते. आम्ही पूर्ण शाकाहारी. "ब्लड कॅन्सर तर नाही ना, मॅरो तपासून घ्या," असं एका नातेवाइकांनी म्हटल्यापासून झोप उडाली आहे. काय करू?

उत्तर: ताई, बाकी सगळं नंतर. आधी उठून ती थायरॉईडच्या गोळ्यांची पट्टी आणा आणि तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा. आपल्याकडे दोन अगदी उलट आजारांच्या गोळ्यांना एकच नाव पडलं आहे. थायरॉईड कमी असणाऱ्यांना थायरॉक्सिन देतात, जास्त असणाऱ्यांना बहुधा कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल. पट्टीवर थायरॉक्सिन लिहिलं असेल, आणि तुमच्या वयाच्या बायकांमध्ये बहुतेक वेळा तेच असतं, तर त्या गोळीचा या रिपोर्टशी संबंध नाही. पुढचं निवांत वाचा.

पट्टीवर कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल असेल तर मात्र आजच ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांना फोन करा आणि हा आकडा सांगा. हजारात दोन ते पाच रुग्णांमध्ये हे औषध न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ पुसून टाकतं. हे बहुतेक वेळा औषध सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या तीन महिन्यांत होतं. आणि ही घसरण इतकी झटकन होते की मागच्या आठवड्याचा चांगला रिपोर्ट या आठवड्याची हमी देत नाही. गोळी चालू असताना घसा दुखायला लागला, ताप आला किंवा तोंडात फोड उठले, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी सीबीसी करायची. हे गोळी देतानाच सांगायला हवं असतं. तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. त्रास काहीच नसेल तर गोळी स्वतःहून बंद करू नका. थायरॉईड वाढलेला असताना न्यूट्रोफिल मुळातच थोडे कमी असू शकतात, त्यामुळे तुमचे डॉक्टर दोन-तीन दिवसांत पुन्हा काउंट करून मग ठरवतील.

गोळीपासून सुरुवात अशासाठी केली की तुमचाच आकडा एका बाईच्या बाबतीत किरकोळ ठरतो आणि दुसरीच्या बाबतीत त्याच दिवशी धावपळ करायला लावतो. नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही. म्हणून पुढेही मी आकड्यापेक्षा त्याच्या आजूबाजूला काय आहे तेच जास्त बघणार आहे.

तरी आकडा नीट काढून घेऊ. तुमचे न्यूट्रोफिल ३६ टक्के, पण टक्के कशाचे? एकूण ३,२०० पेशींचे. म्हणजे ३,२०० गुणिले ३६, भागिले १००: एका घन मिलिमीटर रक्तात १,१५२. डॉक्टर बघतात तो हा आकडा, आणि गंमत अशी की पुष्कळ रिपोर्टांत तो छापलेलाच नसतो. मोठ्या माणसात १,५००च्या खाली गेला की कमी म्हणायचं. १,००० ते १,५०० सौम्य, ५०० ते १,००० मध्यम, ५००च्या खाली तीव्र. जंतुसंसर्गाचा खरा धोका सुरू होतो तो ५००च्या खाली. तुमच्या १,१५२ न्यूट्रोफिलांवर शरीर रोजच्या जंतूंशी बऱ्यापैकी नेहमीसारखंच लढतं. वर्गात मुलं शिंकतात म्हणून रजा टाकायची गरज नाही.

आता त्या ५२ टक्क्यांचं बघा, कारण माझा अंदाज आहे की नातेवाइकांना 'ब्लड कॅन्सर' दिसला तो तिथेच. ३,२००चे ५२ टक्के म्हणजे १,६६४ लिम्फोसाइट. मोठ्या माणसात साधारण १,००० ते ४,००० असतात, म्हणजे तुमचे त्या मर्यादेतच आहेत. वाढलेलं काहीच नाही. पांढऱ्या पेशींच्या सगळ्या प्रकारांची बेरीज शंभरच भरावी लागते, त्यामुळे न्यूट्रोफिलांची टक्केवारी घसरली की लिम्फोसाइटांची आपोआप चढते. एकाच गोष्टीला दोन लाल खुणा मिळाल्या, एवढंच.

यानंतर मी बघतो ते हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट. लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, तयार होतात. मगजच आजारी पडला, म्हणजे त्यात ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या, पेशींनी जागा व्यापली किंवा ॲप्लास्टिक ॲनिमियात तो रिकामा झाला, तर तो फक्त न्यूट्रोफिल कमी करून थांबत नाही. बहुतेक वेळा हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही सोबत घसरलेले असतात. तुमचं हिमोग्लोबिन १२.४ आणि प्लेटलेट २ लाख १० हजार. तुमच्या रिपोर्टमधला सगळ्यात धीर देणारा भाग हा आहे, आणि त्यापुढे लाल खूण नसल्यामुळे तिकडे कुणी बघितलं नाही.

शंभर टक्के खात्री मात्र यंत्राच्या आकड्यांवरून मिळत नाही. काही ल्युकेमियांत सुरुवातीला पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी कमीच होतात, आणि रक्तात कच्च्या पेशी मोजक्याच फिरत असतात. त्या पकडायला पॅथॉलॉजिस्टने काचेवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघावं लागतं. याला पेरिफेरल स्मिअर म्हणतात. ही स्वस्त तपासणी आहे आणि छोट्या गावातल्या लॅबमध्येही होते. तुमच्या रिपोर्टखाली स्मिअरबद्दल ओळ आहे का बघा. शिबिराच्या रिपोर्टमध्ये ती बहुधा नसते.

शिबिर म्हटल्यावर आणखी एक शंका येते. सकाळी दीडशे लोकांचं रक्त घ्यायचं, नळ्या डब्यात ठेवायच्या आणि दुपारनंतर शहरातल्या लॅबमध्ये पोचवायच्या, असा तो कार्यक्रम असतो. सांगलीच्या उन्हात नळी बराच वेळ पडून राहिली तर पांढऱ्या पेशींतले न्यूट्रोफिल फुगायला आणि तुटायला लागतात, आणि यंत्र मग त्यांना नीट ओळखत नाही. शिवाय टक्केवारी माणसाने काचेवर शंभर पेशी मोजून काढली असेल तर ३६ हा आकडाही ठाम नसतो. शंभरच पेशी मोजल्या की निव्वळ योगायोगाने खरा आकडा २७ ते ४६ यांपैकी काहीही असू शकतो. म्हणजे तुमचे न्यूट्रोफिल ८६० असतील किंवा १,४७०. एका शिबिराच्या एका नळीवरून मॅरोच्या सुईपर्यंत उडी मारू नका असं मी म्हणतो ते यासाठी.

मोजणीतली अडचण एवढ्यावर संपत नाही. रक्तवाहिन्यांतले जवळपास निम्मे न्यूट्रोफिल वाहत्या रक्तात नसतातच, ते वाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेले असतात. एसटीत बसलेल्यांचीच मोजदाद केली आणि स्टँडवर उभ्या असलेल्यांना सोडून दिलं, तर प्रवासी कमीच दिसणार. धावपळ केली, भीती वाटली किंवा स्टेरॉइड घेतलं की भिंतीवरचे सुटून रक्तात येतात आणि काउंट वाढतो. सकाळी शांत बसलेल्या माणसाचा काउंट दुपारपेक्षा थोडा कमी असतो. काही लोकांमध्ये तर जन्मापासूनच रक्तात कमी आणि उतींमध्ये जास्त अशी वाटणी असते. आफ्रिकेत आणि मध्यपूर्वेत मूळ असलेल्या समाजांत डफी नावाचा रक्तगट लाल पेशींवर नसणं सर्रास आढळतं. अशा माणसांपैकी अनेकांचे न्यूट्रोफिल आयुष्यभर १,००० ते १,५०० असतात आणि त्यांना संसर्ग इतरांपेक्षा जास्त होत नाही. पूर्वी यांतल्या कित्येकांच्या नको तेवढ्या तपासण्या झाल्या.

आता तुमच्या तापाकडे येऊ. माझा कौल तिकडेच आहे. फ्लू, डेंग्यू, कावीळ, कोरोना, आणि नाव नसलेले असंख्य विषाणू न्यूट्रोफिल कमी करतात. काही मगजातलं उत्पादन मंदावतात, काही पेशींना भिंतीला चिकटवून ठेवतात. तापाच्या पहिल्या काही दिवसांत काउंट घसरतो, आणि माणूस बरा होऊन कामाला लागला तरी तो वर यायला कधीकधी काही आठवडे लागतात. चार दिवस ताप, आपोआप उतरला, तीन आठवड्यांनी न्यूट्रोफिल १,१५२ आणि बाकी दोन्ही पेशी जागच्या जागी: हे चित्र त्यात चपखल बसतं. टायफॉईड आणि मलेरियातही पांढऱ्या पेशी कमी होतात, पण ते चार दिवसांत उपचाराशिवाय निघून जात नाहीत.

म्हणून पुढची पायरी साधी आहे. पट्टीवर थायरॉक्सिन असेल तर दोन-तीन आठवडे थांबा आणि सीबीसी पुन्हा करा. यावेळी थेट लॅबमध्ये जाऊन रक्त द्या, म्हणजे नळी लगेच यंत्रात जाईल. जिने चढून धापा टाकत नको, दहा मिनिटं बसून मग द्या. फॉर्मवर 'पेरिफेरल स्मिअर' लिहून घ्या, आणि शक्यतो पुढच्या वेळीही तीच लॅब ठेवा.

त्या दोन-तीन आठवड्यांत एक बिनपैशाची तपासणी करून टाका, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच आहे. कपाटातली फाइल काढून जुने रिपोर्ट शोधा: बाळंतपणाच्या वेळचा नको, कारण गरोदरपणात पांढऱ्या पेशी वाढतात, पण एखाद्या ऑपरेशनआधीचा, विम्याच्या वेळचा, मागच्या शिबिराचा चालेल. पाच वर्षांपूर्वीही ३,४०० आणि न्यूट्रोफिल १,२०० असतील, आणि मधल्या काळात तुम्ही ठणठणीत राहिला असाल, तर ही तुमची स्वतःची नेहमीची पातळी आहे. मग वर्षातून एकदा बघितलं तरी पुरे. जुने आकडे ६,५००, ७,००० असे असतील तर ही घसरण नवी आहे आणि तिचा पाठपुरावा करायचा.

दुसऱ्या रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल १,५००च्या वर गेले की विषय संपला. १,१५२च्या आसपासच राहिले, किंवा १,०००च्या खाली उतरले, तर एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे जा. ते साधारण असं शोधतील.

बी-१२ आधी. तुम्ही शाकाहारी आहात, त्यामुळे ते कमी निघणं अगदी शक्य आहे. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते आणखी घटतं. बी-१२च्या कमतरतेत मगजात पेशींची वाढ अडते आणि तिन्ही प्रकार हळूहळू कमी होतात, लाल पेशी मोठ्या होतात, त्यांचा सरासरी आकार सांगणारा एमसीव्ही १००च्या वर जातो. तुमचा ८८ आहे, तेव्हा हे कारण मागे पडतं. पण मी ते पूर्ण पुसत नाही, कारण आपल्याकडच्या बायकांत लोहही कमी असतं. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी पडलं की मोठ्या, आणि दोन्ही एकत्र असले की सरासरी नॉर्मल दिसते. इथेही स्मिअर कामाला येतो. बी-१२ कमी असेल तर न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला नेहमीच्या तीन-चारऐवजी पाच-सहा पाकळ्या दिसतात.

झिंकची गोळी आजपासून बंद केली तरी चालेल, किंबहुना करा. ही गोष्ट डॉक्टरांच्याही सहसा लक्षात येत नाही. जास्त झिंक रोज पोटात गेलं की आतड्याच्या पेशी धातू पकडून ठेवणारं एक प्रथिन भरपूर बनवतात. ते प्रथिन झिंकपेक्षा तांब्याला घट्ट धरतं, आणि त्या पेशी झडल्या की तांबं शौचावाटे निघून जातं. तांबं कमी पडलं की न्यूट्रोफिल आणि हिमोग्लोबिन उतरतात, प्लेटलेट बहुधा शाबूत राहतात. फार दिवस चाललं तर पायांना मुंग्या येतात आणि चाल बिघडते. मोठ्या माणसाने रोज ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त झिंक सतत घेऊ नये. कोरोनात वाटल्या गेलेल्या काही गोळ्यांत एकेकीत ५० होतं. तुमच्या पट्टीवर किती आहे ते वाचा. ४० मिलिग्रॅमहून जास्त असेल आणि दुसरा काउंटही कमी आला, तर डॉक्टरांना रक्तातलं तांबं तपासायला सांगा.

मग एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. 'आमच्या घरात असलं काही नाही' म्हणून या गाळू नका, न्यूट्रोफिल कमीच राहिले की या सहसा सगळ्यांच्याच करतात. पोटाची सोनोग्राफी, कारण यकृताच्या आजारात प्लीहा वाढली की ती पेशी अडकवून ठेवते. आणि तुमच्या वयाच्या स्त्रीसाठी खास एक: ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. सांधे सकाळी आखडतात का, उन्हात गालांवर लाली उठते का, केस मूठभर गळतात का, तोंडात टाळूला न दुखणारे फोड येतात का? यांतलं काही असेल तर रक्तातलं एएनए तपासायचं, ल्युपसची पहिली चाचणी तीच. उगाच सगळ्यांचं एएनए करू नये, निरोगी माणसांतही ते कधीकधी पॉझिटिव्ह येतं आणि नवीनच झोप उडते.

मॅरोची तपासणी कधी? स्मिअरमध्ये कच्च्या पेशी दिसल्या तर लगेच. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेटही घसरायला लागले आणि बी-१२सारखं सरळ कारण सापडलं नाही तर. न्यूट्रोफिल ५००च्या खाली राहिले आणि औषध किंवा विषाणूचा दोष निघाला नाही तर. किंवा महिन्यामागून महिना आकडा खाली सरकत राहिला तर. यांतलं आज तुमच्याकडे काहीही नाही.

पुढच्या काउंटची वाट न बघता डॉक्टर गाठायचे प्रसंग मात्र आहेत. अंगावर आपोआप निळे डाग, किंवा पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. हिरड्यांतून किंवा नाकातून थांबत नाही असं रक्त. मानेत किंवा काखेत न दुखणाऱ्या, वाढत जाणाऱ्या गाठी. कपडे भिजवणारा रात्रीचा घाम आणि न ठरवता घटणारं वजन. रक्तस्राव असेल तर त्याच दिवशी जायचं, कारण ल्युकेमियाचा एक प्रकार नेमका असा, कमी पांढऱ्या पेशी आणि रक्तस्राव घेऊन येतो. तो वेळेत पकडला तर बहुतेकांचा बराही होतो, पण पहिले काही दिवस धोक्याचे असतात.

आणि ताप. न्यूट्रोफिल १,१५२ असताना साध्या सर्दीतापाला नेहमीसारखंच वागवा. फक्त डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवा. पण कधी ५००च्या खाली गेले आणि ताप १०१ फॅरनहाइटला टेकला, किंवा १००.४ वर तासभर रेंगाळला, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. पू तयार होतो तो मुख्यतः न्यूट्रोफिलांचाच. तेच नसले की गळू नीट पिकत नाही, न्यूमोनियातही खोकल्यातून फारसं काही पडत नाही. आत संसर्ग पसरत असताना बाहेर दिसतो तो एकटा ताप.

शेवटी, तुम्हाला येत्या आठवड्यात मिळणारे सल्ले. पपईच्या पानांचा रस लोक प्लेटलेटसाठी पितात, न्यूट्रोफिलांशी त्याचा संबंध नाही. काउंट वाढवायचं इंजेक्शन असतं, पण ते केमोथेरपी घेणाऱ्यांसाठी आणि तीव्र कमतरतेसाठी; १,१५२ला ते देऊ केलं तर नको म्हणा. 'थोडं स्टेरॉइड घ्या, पेशी वाढतात' असं कुणी म्हटलं तर बिलकूल ऐकू नका. ते भिंतीवरच्या पेशी रक्तात आणून रिपोर्ट छान करतं. आणि आत खरोखर ल्युकेमिया किंवा लिम्फोमा असेल तर त्याला काही दिवस दडवून ठेवतं, मग मॅरो तपासूनही निदान चुकू शकतं.

दुसरा रिपोर्ट आला की स्मिअरच्या ओळीसकट पाठवा, आणि जुन्या फाइलीत जे सापडेल तेही तारखांसह.